लोहाच्या गोळ्या, शौचाचा काळा रंग आणि बद्धकोष्ठ: गोळी बंद करण्याआधी वाचा

आमच्या औषध दुकानातून रक्तवाढीच्या गोळ्या नेणारे बरेच ग्राहक पहिलं पाकीट संपायच्या आतच त्या घेणं सोडून देतात. कारणं साधारण दोनच असतात: "संडास काळी व्हायला लागली, भीती वाटली" किंवा "पोटच साफ होईना". यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की बहुतेक जण हे डॉक्टरांना सांगत नाहीत. तीन महिन्यांनी तपासणीत हिमोग्लोबिन तेवढंच दिसतं आणि डॉक्टर गोळी आणखी जोरदार करतात. म्हणून हे पत्रक.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. गोळीतलं सगळं लोह रक्तात जात नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग त्यातलं थोडंसं शोषून घेतो आणि उरलेलं पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे त्याचा गंधकाशी संयोग होऊन काळा पदार्थ तयार होतो, आणि शौचाचा रंग गडद हिरवट किंवा काळा दिसतो. हेच उरलेलं लोह आतड्यातल्या जिवाणूंचं संतुलनही बिघडवतं. त्यामुळे कुणाला बद्धकोष्ठ होतं, कुणाला गॅस होतो, तर कुणाला उलट जुलाब होतात.

नुसता काळा रंग म्हणजे काळजीचं कारण नाही. शौच नेहमीसारखा बांधीव असेल, फक्त रंग गडद असेल, तर गोळी चालू ठेवा. ती संपल्यावर काही दिवसांत रंग पूर्ववत होतो. मात्र शौच डांबरासारखा चिकट आणि चकचकीत असेल, त्याला नेहमीपेक्षा वेगळी, फार उग्र दुर्गंधी असेल, तर तो जठरातला किंवा आतड्याच्या वरच्या भागातला रक्तस्राव असू शकतो. सोबत चक्कर, घाम, पोटात कळ किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. त्यांनी "लोहाची गोळी घेतोय, म्हणून काळं" असं स्वतःच ठरवून टाकू नये. लाल रक्त दिसलं तर त्याचा दोष लोहाच्या गोळीला देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आता बद्धकोष्ठाकडे येऊ. पाणी वाढवणं, पपई, पालेभाज्या, कोंड्यासकट पिठाची भाकरी-पोळी, थोडं चालणं, हे सगळं कराच. इसबगोल घेत असाल तर तो रात्री घ्या आणि लोहाची गोळी सकाळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह कमी शोषलं जाऊ शकतं. एवढ्याने भागलं नाही, तर गोळी घेण्याची पद्धत बदलता येते का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. आमच्या मते जास्त उपयोग याच प्रश्नाचा होतो.

लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. हेप्सिडिन वाढलं की आतडं लोह आत घेणं कमी करतं. हा परिणाम साधारण चोवीस तास टिकतो. म्हणजे आज सकाळी गोळी घेतली, तर उद्याच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं, आणि परवापर्यंत आतडं पुन्हा तयार होतं. झुरिकच्या संशोधकांनी 2017 साली लोहाचा साठा कमी असलेल्या, पण ॲनिमिया नसलेल्या तरुण स्त्रियांमध्ये हे मोजलं. 60 मिलिग्रॅम लोह रोज दिलं तेव्हा त्यातलं सुमारे 16 टक्के शोषलं गेलं, आणि एक दिवसाआड दिलं तेव्हा सुमारे 22 टक्के.

याचा हिशेब दोन दिवसांसाठी करू. रोज एक गोळी घेतली, तर 120 मिलिग्रॅमपैकी सुमारे 20 मिलिग्रॅम शरीरात जातं आणि 100 आतड्यात उरतं. एक दिवसाआड घेतली, तर 60 पैकी सुमारे 13 शरीरात जातं आणि 47 उरतं. आतड्यात उरणारं लोह निम्म्याहून कमी होतं, पण मिळणारं लोह निम्मं होत नाही, दोन-तृतीयांश मिळतं. त्रास घटतो तो यामुळे. अर्थात, दर दिवशी मिळणारं लोह थोडं कमीच असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन सावकाश वाढतं आणि उपचार अधिक काळ चालवावा लागतो. ज्यांना घाई नाही, त्यांना हा सौदा परवडतो.

समजा, एका चौतीस वर्षांच्या ताईंचं हिमोग्लोबिन 9.8 आहे, पाळीत रक्तस्राव जास्त जातो आणि 100 मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज चालू आहे. दुसऱ्या आठवड्यात पोट जाम झालं. डॉक्टरांनी गोळी सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार, मंगळवार अशी एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली. चहा गोळीनंतर किमान तासाभराने, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांनी. महिन्याने तपासणी केली, हिमोग्लोबिन 10.9. वाढ होते आहे, म्हणून तेच पुढे चालू. मग 12 च्या वर गेल्यावरही आणखी तीन महिने गोळ्या, कारण हिमोग्लोबिन आधी भरतं आणि शरीरातला साठा नंतर. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. पाळीच्या रक्तस्रावावर वेगळा उपचार झाला नाही, तर मात्र घडा भरता भरता गळत राहतो.

महिन्याने हिमोग्लोबिन हललंच नाही, तर आणखी महिनाभर वाट पाहत बसू नका. रक्तस्राव चालू आहे का, गोळी खरोखर घेतली जाते का, की लोहाची कमतरता हे कारणच नाही, हे डॉक्टरांना पाहावं लागतं.

गोळीचा प्रकार बदलायचा असेल, तर नावाऐवजी पाकिटावर "मूळ लोह किती मिलिग्रॅम" ते वाचा. फेरस सल्फेट, फ्युमरेट, ग्लुकोनेट, ॲस्कॉर्बेट, बिसग्लायसिनेट यांतल्या लोहाचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि पुष्कळदा "सौम्य" वाटणाऱ्या गोळीत फक्त लोहच कमी असतं. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या पोटाला हलक्या वाटतात, पण त्या शोषणाची जागा मागे टाकून पुढे निघून जातात, म्हणून आम्ही त्यांचा फारसा आग्रह धरत नाही. पॉलिमाल्टोज प्रकार जेवणाबरोबर चालतो आणि त्रास कमी देतो, मात्र त्याने हिमोग्लोबिन वाढतं आहे का हे तपासून पाहावंच. पातळ औषध स्ट्रॉने घ्या आणि नंतर चूळ भरा, नाहीतर दात काळे होतात.

गर्भवती भगिनींनी स्वतःहून दिवस वगळू नयेत. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती रोज घेण्यासाठीच आहे. त्रास होत असेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन फार कमी असलेल्यांनी, शस्त्रक्रिया जवळ आलेल्यांनी आणि आतड्याचा आजार असलेल्यांनीही डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर ठेवा.

लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, कुलपात ठेवा. गोड आवरणाच्या गोळ्या मुलं गोळ्या-चॉकलेट समजून खातात आणि लोहाची विषबाधा जीवघेणी ठरू शकते. मूल एखादी जरी गोळी गिळलं असेल, तरी उलटी होण्याची वाट पाहू नका, घरी उलटी करवू नका. पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा किंवा 108 ला फोन करा.