दहाचा आकडा पक्का, नववी जागा सैल

वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्याला सगळे 'दशावतार' म्हणतात. पाटीवरही तेच नाव आहे. अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे, म्हणजे आठव्या शतकाच्या मध्याचा काळ. जिना चढून वरच्या मजल्यावर गेलं की उजव्या हाताच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर विष्णूची शिल्पं ओळीनं दिसतात. गोवर्धन उचललेला कृष्ण, शेषशायी, गजेंद्राला सोडवायला गरुडावरून आलेला विष्णू, वराह, त्रिविक्रम आणि शेवटी नरसिंह. मोजून सहा. त्यातले शेषशायी आणि गजेंद्रमोक्ष हे दहा अवतारांत धरतच नाहीत, म्हणजे उरले चार. समोरची भिंत सगळी शंकराची, आणि गाभाऱ्यात शिवलिंग. मासा नाही, कासव नाही, राम नाही, कल्की नाही. नाव लोकांनी मागाहून दिलं आणि ते चिकटलं.

माझी गंगाखेडची आजी बोटांवर मोजायची: मच्छ, कच्छ, वराह, नारसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बौद्ध, कलंकी. दोन्ही हातांची बोटं संपली की अवतार संपले. मला तेव्हा वाटायचं, बोटं दहा म्हणूनच अवतार दहा. ग्रंथ उघडले की दिसतं, हा आकडा ठरायला बराच काळ गेला.

सुरुवातीला तर यातले काही अवतार विष्णूचे नव्हतेच. शतपथ ब्राह्मणात मनूला पुरातून वाचवणारा मासा आहे, पण तो विष्णू आहे असं तिथे म्हटलेलं नाही. कासवाचं रूप घेणारा तिथे प्रजापती आहे, आणि पृथ्वी वर काढणारा 'एमूष' नावाचा वराहही प्रजापतीच. ऋग्वेदापासून विष्णूचं स्वतःचं असं काही असेल तर ती तीन पावलं, जी पुढे वामनाच्या कथेत आली. वैष्णव परंपरा वाढत गेली तशी जुन्या देवाची ही कामं विष्णूकडे आली. गीतेतल्या 'धर्माला ग्लानी येते तेव्हा मी जन्म घेतो' या श्लोकांतही 'अवतार' हा शब्द नाही, आणि संख्या तर नाहीच. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस नावं येतात, आणि लगेच सांगितलं आहे की न आटणाऱ्या सरोवरातून हजारो पाट निघावेत तसे हरीचे अवतार असंख्य आहेत.

मग दहाच का? मला सगळ्यात बोलका हिशोब मत्स्यपुराणातला वाटतो. देव-असुरांच्या लढाईत विष्णूनं भृगूच्या पत्नीला, म्हणजे शुक्राचार्यांच्या आईला मारलं. स्त्रीहत्या केलीस, तर सात वेळा माणसांत जन्म घेशील, असा भृगूनं शाप दिला. शापाचे हे सात आणि आधीचे तीन दिव्य अवतार, असे दहा. दिव्य तीन म्हणजे नारायण, नरसिंह आणि वामन. माणसांतले सात म्हणजे दत्तात्रेय, मांधाता, परशुराम, राम, वेदव्यास, बुद्ध आणि कल्की. यात मासा, कासव, वराह तर नाहीतच, पण कृष्णही नाही. वायुपुराणात जवळपास हीच यादी आहे, फक्त बुद्धाच्या जागी कृष्ण बसतो. म्हणजे आकडा आधी पक्का झाला आणि त्याच्या आतली माणसं हलत राहिली. माहूरचा दत्त एकेकाळी दहांत होता, पुढे बाहेर गेला. माहूरच्याच रेणुकेचा मुलगा परशुराम मात्र आत राहिला.

आज आपण म्हणतो ती यादी महाबलीपुरमच्या आदिवराह गुहेत कोरलेल्या, सातव्या-आठव्या शतकातल्या श्लोकात जवळपास तशीच सापडते: मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन, मग राम, राम आणि राम, मग बुद्ध, कल्की. तीन राम म्हणजे परशुराम, दाशरथी राम आणि बलराम. कृष्ण नाही, कारण काही परंपरांत कृष्ण हा अवतार नसून अवतार घेणाराच आहे. बाराव्या शतकात 'गीतगोविंद' लिहिणाऱ्या जयदेवानंही तेच धरलं.

प्रत्येक रूपाचा अर्थ त्याच्या समोरच्या संकटावरून लावावा, हे बरं. मासा बीज वाचवतो, कासव मंदराला पाठ देतं, वराह बुडालेली पृथ्वी वर काढतो. ही तिन्ही जग टिकवायची कामं आहेत. नरसिंहापासून प्रश्न सत्तेचा होतो. हिरण्यकशिपूनं माणूस, पशू, दिवस, रात्र, घर, अंगण, शस्त्र सगळं वरात बांधून घेतलं होतं. देवानं वर मोडला नाही, त्यातल्या फटी शोधल्या: संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. वेरूळच्या शिल्पकारानं मात्र पोट फाडण्याचा क्षण घेतला नाही. दोघंही उभे आहेत, झटापट चालू आहे, निकाल अजून लागायचा आहे. वामनाच्या गोष्टीत बळी दुष्ट नाही, दानशूर आहे. तिथे प्रश्न एकाच्या हाती सगळे लोक एकवटण्याचा आहे. म्हणूनच आपल्याकडे दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. परशुराम माजलेले राजे कापतो, राम राजानं कसं असावं ते जगून दाखवतो, कृष्ण नियमापेक्षा प्रसंग ओळखतो. कल्की अजून यायचा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलण्यासारखं थोडंच. (मासा, कासव, मग सिंह-माणूस अशी उत्क्रांती जोडायची हौस एकोणिसाव्या शतकातली आहे, पुराणांतली नाही.)

राहिली नववी जागा. तिचा अर्थ दोनदा बदलला. विष्णुपुराणात विष्णूनं निर्माण केलेला मायामोह असुरांना वेदांपासून फसवून दूर नेतो. भागवतातही बुद्ध देवांच्या शत्रूंना मोहात पाडायलाच येतो. हा मान नाही, चिमटा आहे. जयदेवाच्या काळापर्यंत सूर बदलला आणि यज्ञातल्या पशूंची दया येणारा बुद्ध पुढे आला. महाराष्ट्रात तिसरीच गोष्ट झाली. गंगाखेडच्या जनाबाई म्हणतात, कृष्ण होऊन ज्यानं कंस मारला तोच आता बुद्ध झाला, आणि तो माझा सखा. पैठणच्या एकनाथांकडे न बोलणारं, कमरेवर हात ठेवलेलं रूप हेच बौद्धरूप आहे. म्हणजे विठोबा. जुन्या पंचांगांतल्या दशावतारांच्या चित्रांत म्हणूनच नवव्या चौकटीत विटेवरचा विठोबा उभा दिसतो, शेजारी कधीकधी रुक्मिणीही.

हे सगळ्यांनी मान्य केलं असं नाही. आपल्याच मातीतल्या महानुभावांनी दहाचा हिशोबच सोडला. त्यांचे पंचकृष्ण वेगळे, त्यात दत्तात्रेय आणि श्रीचक्रधर आहेत, आणि कृष्ण त्यांच्या मते विष्णूचा नाही, परमेश्वराचा अवतार आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत एक स्पष्ट आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. मायामोहाची कथा वाचली की ती प्रतिज्ञा का लागली ते कळतं. त्याच वेरूळला १ ते १२ क्रमांकाची लेणी बुद्धाची आहेत, त्याच डोंगराच्या रांगेत, १५ क्रमांकाच्या लेण्याजवळच. दशावतार नावाच्या त्या लेण्यात विष्णूच्या भिंतीवर बुद्ध कुठेच नाही.