आठ मिनिटे नेमकी कुठून मोजायची? रुग्णवाहिकेच्या उशिराचा टप्पा शोधण्यामागचा इतिहास

रुग्णवाहिका किती वेळात पोहोचली, या प्रश्नाला जगभर बराच काळ एकाच आकड्यात उत्तर दिले गेले: आठ मिनिटे. त्याचे मूळ बहुतांशी अमेरिकेतल्या सिएटल परिसरात, किंग काउंटीत आहे. तिथे मिकी आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास केला आणि १९७९ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या छातीवर चार मिनिटांच्या आत दाब देणे सुरू झाले आणि ज्यांना आठ मिनिटांच्या आत हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डीफिब्रिलेटरसह पुढचे उपचार मिळाले, त्यांच्यापैकी ४३ टक्के वाचले. ही आठ मिनिटे रुग्ण कोसळल्या क्षणापासूनची होती. फोन लागण्यापासूनची नव्हती, गाडी निघण्यापासूनची तर नव्हतीच. पण नियंत्रण कक्षाच्या नोंदीत रुग्ण कोसळल्याची वेळ नसते. म्हणून आकडा तोच ठेवून घड्याळ सोयीच्या जागी सुरू केले गेले. उशिरा पोहोचलेल्या कॉलचा दोष कोणत्या टप्प्यावर येतो, हे त्या जागेवरच ठरते.

इंग्लंडमध्ये हा प्रवास स्पष्ट दिसतो. १९९६ साली तिथे ठरले की जिवाला धोका असलेल्या कॉलपैकी ७५ टक्के कॉलना आठ मिनिटांत प्रतिसाद मिळाला पाहिजे. घड्याळ सुरू व्हायचे ते पत्ता, फोन क्रमांक आणि मुख्य तक्रार नोंदवून झाल्यावर. म्हणजे फोन वाजत राहिला, घाबरलेल्या माणसाला पत्ता नीट सांगता आला नाही, तर तो वेळ हिशेबाबाहेर. शिवाय ही नोंद नेमकी कधी झाली, हे प्रत्येक सेवा आपापल्या परीने ठरवत असे. पुढे ग्विन बेव्हन आणि रिचर्ड हॅम्ब्लिन या संशोधकांनी या काळातल्या नोंदींचे आलेख मांडले. काही सेवांच्या आलेखात आठ मिनिटांच्या अगदी अलीकडे कॉलची दाटी होती आणि पलीकडे एकदम खड्डा. खऱ्या रस्त्यावरचे वेळ असे कड्यासारखे तुटत नाहीत. कुणीतरी वेळा दुरुस्त केल्याची ती खूण होती. आजही नोंदींची फाइल हाती आली की सरासरी काढण्याआधी मी हा आलेख काढण्याचा आग्रह धरेन, कारण त्यात कड दिसली तर पुढचा सगळा हिशेब संशयास्पद ठरतो.

एप्रिल २००८ पासून इंग्लंडने घड्याळ मागे नेले: कॉल नियंत्रण कक्षाशी जोडला गेला, तोच प्रारंभ. पहिला टप्पा उजेडात आला, पण दुसरी अडचण उभी राहिली. आता प्रश्न विचारण्यात जाणारे प्रत्येक सेकंद हिशेबात धरले जात असल्याने तक्रार पुरती कळण्याआधीच, ६० सेकंदांच्या आत गाड्या धाडल्या जाऊ लागल्या. एका कॉलवर दोन-तीन गाड्या निघायच्या आणि नंतर परत बोलावल्या जायच्या. नोंदीत गाडी झटपट नेमली गेल्याचे दिसे, पण त्याच वेळी दुसऱ्या रुग्णासाठी जवळ गाडीच उरलेली नसे. २०१७ च्या फेररचनेत तातडीच्या जिवावरच्या कॉल वगळता इतर कॉलमध्ये तक्रार समजून घ्यायला २४० सेकंदांपर्यंत मुभा दिली गेली. ‘अमुक टक्के वेळेत’ हा निकष जाऊन सरासरी आणि ९० वे शतमान, म्हणजे दहापैकी नऊ कॉल ज्या वेळेच्या आत गाठले जातात ती वेळ, असे दोन निकष आले: पहिल्या, म्हणजे तातडीच्या जिवावरच्या कॉलच्या वर्गासाठी ७ आणि १५ मिनिटे. हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. जुन्या निकषात आठवे मिनिट उलटले की कॉल हुकलाच, मग तो दहाव्या मिनिटाला पोहोचो की चाळिसाव्या, फरक पडत नसे. सर्वांत वाईट वाट पाहणाऱ्या रुग्णांकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणच उरत नव्हते.

याच काळात टप्पावार नोंदी सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन विभागाच्या सार्वजनिक नोंदीत `Received DtTm`, `Dispatch DtTm`, `Response DtTm`, `On Scene DtTm`, `Hospital DtTm`, `Available DtTm` असे वेगळे रकाने आहेत: कॉल आला, गाडी नेमली, निघाली, जागेवर पोहोचली, रुग्णालयात पोहोचली आणि पुन्हा मोकळी झाली, अशा वेळांचे. लागून असलेल्या दोन वेळांची वजाबाकी केली की एक टप्पा मिळतो: कॉल घेऊन गाडी नेमणे, नेमल्यावर निघणे, प्रवास.

आता सर्वांत हळू कॉल कोणत्या टप्प्यामुळे हळू झाले, हे कसे काढायचे? प्रत्येक टप्प्याचे ९० वे शतमान काढून त्यांची तुलना करणे हा नेहमीचा मार्ग, पण तो चुकवतो. शतमानांची बेरीज एकूण वेळेच्या शतमानाइतकी येत नाही, कारण ज्या कॉलला गाडी नेमायला वेळ लागला त्याच कॉलचा प्रवासही लांबला असेल असे नाही. सरासरींची बेरीज मात्र जुळते. म्हणून आधी एकूण वेळेवरून सर्वांत हळू दहा टक्के कॉल वेगळे काढावेत, मग त्यांची टप्पावार सरासरी मधल्या, नेहमीच्या कॉलच्या सरासरीशी ताडून पाहावी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नेहमीच्या कॉलला ९ मिनिटे लागतात: माहिती घेण्यात दीड, गाडी नेमण्यात अर्धे, निघण्यात एक, प्रवासात सहा. हळू कॉलला २५ मिनिटे लागतात: अनुक्रमे अडीच, अकरा, दीड आणि दहा. नेहमीच्या कॉलमध्ये दोन तृतीयांश वेळ प्रवासात जातो, त्यामुळे बैठकीत बोट वाहतुकीकडे दाखवले जाते. पण वाढीव १६ मिनिटांपैकी साडेदहा गाडी नेमण्याच्या टप्प्यातली आहेत आणि प्रवासातली फक्त चार. सर्वांत लांब टप्पा आणि उशीर घडवणारा टप्पा वेगळे निघाले. त्या चार मिनिटांतही अंतर आणि वेग वेगळे करून पाहावे लागते. वेग तोच आणि अंतर जास्त असेल, तर तोही गाड्यांच्या तुटवड्याचाच भाग आहे: जवळची गाडी अडकलेली, म्हणून लांबची पाठवली.

नोंदींवर किती विसंबायचे, याचा कठोर धडा लंडनने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी घेतला. रुग्णवाहिका धाडण्याची नवी संगणकीकृत प्रणाली सुरू झाली आणि गाड्या कुठे आहेत, मोकळ्या आहेत की नाहीत, हे चित्रच तिच्यापाशी चुकीचे होत गेले. रेडिओ संदेश पोहोचत नव्हते, गाडीतली बटणे वेळेवर किंवा योग्य क्रमाने दाबली जात नव्हती. पुढेही अनेक ठिकाणी ‘पोहोचलो’ ही वेळ माणसाच्या बोटावरच अवलंबून राहिली. रुग्णाकडे धावताना बटण राहून जाते, आणि ते बहुधा सर्वांत गंभीर कॉलमध्येच. त्यामुळे पोहोचण्याची वेळ नसलेल्या ओळी सरळ गाळल्या तर नमुना तिरका होतो. आधी त्या ओळी कोणत्या वेळच्या, कोणत्या वर्गाच्या आहेत हे पाहावे. दुसरा सापळा बदलीचा: पहिली नेमलेली गाडी दुसरीकडे वळवली आणि नव्या गाडीची वेळ जुन्या वेळेवर लिहिली गेली, तर गाडी नेमण्याचा टप्पा फुगतो. पहिलीच वेळ ठेवली असेल तर तोच उशीर प्रवासात दिसतो.

आणि गाडी नेमायला अकरा मिनिटे का लागली, हे त्या कॉलच्या ओळीत लिहिलेले नसते. ते आधीच्या कॉलच्या ओळींत सापडते, रुग्णालयात पोहोचणे आणि पुन्हा मोकळे होणे या दोन वेळांच्या मध्ये. इंग्लंडमध्ये रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात देण्यासाठी १५ मिनिटांचा दंडक आहे, तरी तिथल्या गाड्या आपत्कालीन विभागाबाहेर तास तास उभ्या राहिल्याचे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले. म्हणून प्रत्येक हळू कॉल आला त्या क्षणी किती गाड्या मोकळ्या होत्या आणि अडकलेल्यांपैकी किती रुग्णालयाच्या दारात होत्या, हे सर्व ओळी एकत्र लावून मोजावे लागते. मोकळ्या गाड्या असूनही नेमणूक लांबली असेल, तर कारण नियंत्रण कक्षात शोधायचे. एकही मोकळी नसेल, तर रुग्णालयाच्या दारात.