जजमेंटचा गुणतक्ता

जजमेंट किंवा काचूफूल या पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाने सांगितलेले हात आणि मिळवलेले गुण डावागणिक लिहिण्याचा कागद. कोकणात गणपतीच्या दिवसांत आरत्या, भजन आटोपले की पडवीत हा खेळ बसतो आणि पहाटेपर्यंत चालतो. लिहिणारा बहुधा स्वतःही खेळत असतो, झोप डोळ्यांवर असते, मध्येच वीज जाते. म्हणून तक्ता असा हवा की चूक त्याच डावात सापडेल. दहा डावांनंतर सापडलेली चूक म्हणजे नुसता वाद.

पाच खेळाडू असतील तर पहिल्या डावात दहा-दहा पाने वाटतात आणि दर डावाला एक पान कमी होत जाते. पत्ते पाहून प्रत्येकाने आपण किती हात करणार ते सांगायचे. तितकेच हात झाले तर १० अधिक सांगितलेला आकडा, नाहीतर शून्य. पाने वाटणारा शेवटी सांगतो, आणि सगळ्यांची बेरीज पानांइतकी होईल असा आकडा त्याला सांगता येत नाही. गुण देण्याच्या इतर रीतीही आहेत, पण पुढची मांडणी या रीतीची आहे.

चौकटीची गणिताची वही यासाठी सर्वांत सोयीची. डावीकडच्या तीन रकान्यांत पाने, हुकूम आणि वाटणारा हे खेळ सुरू होण्यापूर्वीच शेवटच्या डावापर्यंत लिहून टाकावे. हुकूम इस्पिक, चौकट, किलवर, बदाम असा फिरत असल्याने त्यात विचार करण्यासारखे काही नसते, आणि ‘आता कोणाची पाळी?’ हा प्रश्नच मिटतो. त्यापुढे प्रत्येक खेळाडूला दोन रकाने : डाव आणि बेरीज. अगदी उजवीकडे आणखी दोन, आडव्या बेरजेसाठी. बरेच जण हे शेवटचे रकाने आखतच नाहीत, आणि तक्ता फसतो तो तिथेच.

‘डाव’च्या चौकटीत सांगितलेला आकडा उजवीकडे सरकवून लिहावा. हात झाले की त्याच्यापुढे १ काढायचा : ३ चे १३, शून्याचे १०. हात चुकले तर आकड्यावर रेघ मारून शेजारी शून्य. रेघ मारायची राहिली तर तो ३ पुढे बेरजेत मिसळतो, म्हणून डाव संपताच प्रत्येक चौकटीत १ किंवा रेघ दिसलीच पाहिजे.

एक डाव पाहू. सात पाने, बदाम हुकूम, दादा वाटतो. काका २, वहिनी १, आजी ०, ताई ३ सांगतात. बेरीज ६ झाली, तेव्हा दादाला १ सांगता येत नाही. तो २ सांगतो. शेवटी ताईचे दोनच हात होतात, बाकी सगळ्यांचे जमते.

| | काका | वहिनी | आजी | ताई | दादा | आडवी बेरीज |
|---|---|---|---|---|---|---|
| आधीची बेरीज | ३४ | २१ | ३२ | २६ | १३ | १२६ |
| हा डाव | १२ | ११ | १० | ० | १२ | ४५ |
| नवी बेरीज | ४६ | ३२ | ४२ | २६ | २५ | १७१ |

इथे दोन पडताळे आहेत. चौघांचे जमले म्हणजे ४०, त्यांनी सांगितलेले हात ५. मिळून ४५, आणि आडवी बेरीजही ४५. दुसरा, १२६ आणि ४५ मिळून १७१ व्हायला हवेत, तितकेच पाचही नव्या बेरजांचे होतात. आजीचे ४२ घाईत २४ लिहिले गेले तर बेरीज १५३ येते. फरक १८ चा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल शोधावी, चूक बहुधा तिथेच असते. ८ चा फरक आला तर १ आणि ९ यांची गल्लत पाहावी. देवनागरीत घाईने काढलेले हे दोन अंक फार सारखे दिसतात.

आडव्या बेरजेला एक चूक दिसत नाही : वहिनीचे ११ आजीच्या नावावर गेले तरी बेरीज तीच राहते. ती एककाच्या अंकावरून कळते. १ काढण्यापूर्वी आकडा तिथे होताच, त्यामुळे आजीच्या शून्यापुढे ११ बसूच शकत नाही. (कोणी दहा पानांत १० सांगून जिंकले तर गुण २० होतात, तेवढी एक जागा या खुणेला अपवाद.) जमले की नाही यावरच वाद असेल तर हात मोजावेत. जिंकलेल्यांचे ५ हात, पाने ७, म्हणजे ताईचे २ उरतात. तिने ३ सांगितले होते. पाचही जणांचे जमले असे लिहिलेले दिसले तर वाटणाऱ्याच्या नियमामुळे तो डाव नक्की चुकीचा लिहिला आहे.

चूक खोडरबराने पुसू नये. आकड्यावर एकच रेघ मारून वर नवा लिहावा, म्हणजे जुनाही वाचता येतो. भाद्रपदातल्या दमट हवेत कागद ओलसर होतो आणि शाईचे पेन पसरते, बॉलपेन बरे. नवी आडवी बेरीज लिहिणाऱ्याने नव्हे, पुढचा डाव वाटणाऱ्याने मोठ्याने वाचावी, आणि ती जुळल्याशिवाय पाने पिसू नयेत.