ग्राफिक मॅट्रॉइड आणि विनिमयाचा गुणधर्म : पार्श्वभूमी

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यात, म्हणजे ग्राफमध्ये, सगळे बिंदू चक्र न होता जोडणारा कमीत कमी वजनाचा स्पॅनिंग ट्री कसा बांधावा, या प्रश्नाचे पहिले छापील उत्तर १९२६ मध्ये मोराव्हियातील वीजवाहिन्यांच्या आखणीतून आले. चार वर्षांनी आणखी एका चेक गणितज्ञाने दुसरी रीत दिली. १९५६ ते १९५९ या काळात अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये त्याच विषयावर आखूड लेख आले, आणि कडा वजनाच्या चढत्या क्रमाने घेत चक्र करणारी कड सोडून देण्याची आज सर्वत्र शिकवली जाणारी रीत १९५६ च्या लेखातली आहे. ही रीत बरोबर आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. मात्र पुढचा-मागचा विचार न करता समोरची हलकी कड उचलणारी ग्रीडी पद्धत येथेच का चालते आणि शेजारच्या प्रश्नांत का फसते, याचे उत्तर त्या सिद्धतांतून मिळत नव्हते.

ते उत्तर ज्या व्याख्येत दडले होते ती १९३५ ची आहे. सारणीतील स्तंभांचे रेषीय अवलंबन आणि ग्राफमधील चक्रे यांत एकच सांगाडा आहे, हे ओळखून एका अमेरिकी गणितज्ञाने त्याला मॅट्रॉइड हे नाव दिले. त्याच वर्षी जपानमधील एका तरुण गणितज्ञाने हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. ते लेखन पुढे अनेक दशके विस्मरणात राहिले, ही या इतिहासातली खरी हळहळ वाटावी अशी बाब आहे. ग्राफिक मॅट्रॉइडमध्ये घटक म्हणजे ग्राफच्या कडा, आणि ज्या संचात चक्र नाही तो संच स्वतंत्र. रिकामा संच स्वतंत्र असतो आणि स्वतंत्र संचाचा प्रत्येक उपसंच स्वतंत्र असतो, हे उघड आहे. सारे वजन तिसऱ्या अटीवर आहे : एका स्वतंत्र संचात दुसऱ्यापेक्षा कमी कडा असतील, तर मोठ्या संचातली निदान एक कड लहान संचात चक्र न करता घालता येते.

ही अट ग्राफमध्ये का खरी ठरते, हे घटक मोजून दिसते. n बिंदूंवरच्या चक्रहीन संचात k कडा असतील तर ग्राफचे n − k तुकडे पडतात. मोठ्या संचात कडा जास्त, म्हणून त्याचे तुकडे कमी. त्याची प्रत्येक कड लहान संचाच्या एखाद्या तुकड्याच्या आतच राहिली असती, तर त्याचे तुकडे लहान संचापेक्षा कमी होऊच शकले नसते. म्हणजे निदान एक कड दोन वेगळे तुकडे जोडते, आणि तशी कड घातल्याने चक्र होत नाही.

येथे शब्दाचा गुंता सुरू होतो. वरच्या अटीला काही जण विनिमय म्हणतात, पण तिच्यात काहीही काढले जात नाही. ती भर घालण्याची अट आहे. खरी अदलाबदल दोन पूर्ण झाडांमध्ये, म्हणजे दोन स्पॅनिंग ट्रींमध्ये, होते : एका झाडातली कड काढा, दुसऱ्यातली योग्य कड घाला, पुन्हा झाड मिळेल. दोन्ही अटी तर्कदृष्ट्या तुल्यबळ आहेत, पण सिद्धतेत त्या एकमेकींच्या जागी बेधडक ठेवता येत नाहीत, आणि माझ्या मते बहुतेक चुकीच्या सिद्धता येथेच घसरतात.

क, ख, ग, घ हे चार बिंदू घ्या. कडांची वजने अशी : कख २, खग ३, कग ४, गघ ५, खघ ६. चढत्या क्रमाने कख आणि खग येतात, कग चक्र करते म्हणून सुटते, गघ येते, एकूण १०. दुसरे झाड कख, कग, खघ यांचे घेऊ. त्याचे वजन १२. आता पहिल्या झाडातून खग काढली की क-ख आणि ग-घ असे दोन तुकडे पडतात. ते दुसऱ्या झाडातल्या कग किंवा खघ यांपैकी कोणत्याही कडेने जोडता येतात. पण दुसऱ्या झाडात खग घालून बदल्यात खघ काढली, तर क, ख, ग यांचे चक्र तसेच राहते आणि घ एकटा पडतो. या दोघींपैकी कग काढली तरच तेथेही झाड उरते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी टिकणारी अशी जोडी नेहमी सापडते. ही सममित विनिमयाची बाब १९६९ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागली.

शिकवताना मांडली जाणारी सिद्धता सर्वोत्तम झाडात आपली, म्हणजे ग्रीडी रीतीने निवडलेली, कड घालते आणि बदल्यात त्याच्या चक्रातली कड काढते. म्हणून लागणारी अदलाबदल त्या झाडाच्या बाजूची असते. आपल्या झाडातून कड काढून त्याची कड आणली, तर सर्वोत्तम झाडाबद्दल काहीच कळत नाही. भर घालण्याची अट घेतली की ही दिशेची जोखीम उरत नाही. आपल्या कडा वजनाने लावा, दुसऱ्या कोणत्याही झाडाच्या कडाही तशाच लावा. समजा i व्या स्थानी आपली कड जड निघाली. आपल्या आधीच्या कडा i − १, त्याच्या पहिल्या कडा i. म्हणून त्यांतली एखादी कड आपल्या आधीच्या कडांत चक्र न करता बसते. पण ती आपल्या i व्या कडेपेक्षा हलकी आहे, आणि तिची पाळी आली तेव्हा हाती असलेल्या तेवढ्याच किंवा त्याहून कमी कडांत ती बसलीच असती, मग ती सुटली कशी? हा विरोध आला, म्हणजे प्रत्येक स्थानी आपली कड हलकी किंवा समान वजनाची असते. उदाहरणात २, ३, ५ विरुद्ध २, ४, ६ हेच दिसते. एकूण बेरजेपेक्षा ही गोष्ट जास्त बळकट आहे.

कोणत्याही मॅट्रॉइडमध्ये ग्रीडी रीत सर्वोत्तम उत्तर देते, हे प्रमेय वजनांच्या बाजूने १९५७ मध्ये मांडले गेले होते, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९६८ ते १९७१ दरम्यान ते पुन्हा सापडले आणि मगच रुळले. याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : उपसंचांची अट पाळणाऱ्या पण भर घालण्याची अट मोडणाऱ्या रचनेत ग्रीडी रीत फसेल अशी वजने नेहमी देता येतात. एका रांगेत अ, आ, इ, ई असे चार बिंदू घ्या आणि एकमेकांना न टेकणाऱ्या कडांचा जास्तीत जास्त वजनाचा संच शोधा. मधली कड ३ वजनाची, बाजूच्या दोन २ च्या. ग्रीडी रीत मधली उचलते आणि तेथेच अडकते, कारण एका कडेच्या संचात दोन कडांच्या संचातली एकही कड घालता येत नाही. हाती ३ उरतात, शक्य होते ४.

आणखी एक मर्यादा सहसा सांगितली जात नाही. एका बिंदूपासून, म्हणजे मुळापासून, झाड वाढवत नेण्याची १९३० ची आणि १९५७ मध्ये पुन्हा मांडली गेलेली रीत उत्तर बरोबर देते, पण तिचे अर्धवट संच उपसंचांची अट पाळत नाहीत : मुळाजवळची कड काढली तर उरलेल्या कडा मुळापासून तुटतात. त्यामुळे मॅट्रॉइडचे प्रमेय तिला जसेच्या तसे लागू होत नाही. ती अट सैल करून भर घालण्याची अट कायम ठेवणारी ग्रीडॉइड ही रचना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली गेली आणि मुळाशी जोडलेले हे संच तिच्यात बसले. तेथे मात्र भर घालण्याची अट एकटी पुरत नाही. कोणतीही वजने असली तरी ग्रीडी रीत बरोबर येण्यासाठी आणखी अटी लागतात, आणि मुळापासून वाढणारी झाडे त्या पूर्ण करतात.