‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नेमके काय?

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसमधून शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकाला असा ईमेल गेला, असे समजा :

“मागील खेपेतील मालाच्या गुणवत्तेबाबत काही त्रुटी निदर्शनास आल्या आहेत. हाताळणी प्रक्रियेचे सक्षमीकरण होणे आवश्यक असून संबंधित घटकांशी समन्वय साधून योग्य ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.”

व्याकरण चोख, भाषा सभ्य. उत्तरही तितकेच सभ्य येते : “नोंद घेतली आहे. धन्यवाद.” आणि पुढच्या ट्रॉलीत डागाळलेली केळी पुन्हा येतात. व्यवस्थापकाने हा मेल कापणीवर असलेल्या आप्पांना वाचून दाखवला, तर आप्पा एवढेच विचारतील, “भो, पन करनं काय शे?”

आप्पांचा प्रश्न रास्त आहे. मेलमध्ये असा एकही शब्द नाही, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. मानसशास्त्रात शब्दांचा हा गुण, म्हणजे मूर्तपणा, मोजतात. एखादी गोष्ट डोळ्यांनी, हातांनी, नाकाने किती अनुभवता येते, त्याला १ ते ५ असे गुण द्यायला लोकांना सांगतात. मार्क ब्रिसबार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सुमारे ४०,००० इंग्रजी शब्दांची अशी यादी प्रसिद्ध केली. वस्तूंची नावे वरच्या टोकाला जातात, कल्पनांची खालच्या. आपल्या मेलमधले ‘सक्षमीकरण’, ‘समन्वय’, ‘कार्यवाही’ कुठे बसतील, ते सांगायला नको.

मूर्त शब्द लवकर समजतात आणि जास्त लक्षात राहतात, हे जुने निरीक्षण आहे. त्याचे कारण ॲलन पायव्हिओ या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडले. (हे गृहस्थ तरुणपणी शरीरसौष्ठवपटू होते, १९४८ चे ‘मिस्टर कॅनडा’.) त्यांच्या मते ‘घड’ हा शब्द मेंदूत दोनदा साठवला जातो, एकदा शब्द म्हणून आणि एकदा चित्र म्हणून. एक वाट बुजली तरी दुसरीने तो सापडतो. ‘गुणवत्ता’ला चित्रच नाही, त्यामुळे तिला एकच वाट.

पण ईमेल लिहिणाऱ्याच्या जास्त कामाचे स्पष्टीकरण दुसरेच आहे. पॉला श्वानेनफ्लुगल आणि एडवर्ड शोबेन यांनी १९८३ मध्ये दाखवले की अमूर्त वाक्ये एरवी हळू वाचली जातात; पण त्यांच्या आधी संदर्भ देणारा मजकूर ठेवला, तर मूर्त आणि अमूर्त वाक्यांतला हा फरक जवळजवळ उरतच नाही. म्हणजे अडचण निव्वळ शब्दात नसते. तो शब्द वाचताना कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही, ही खरी अडचण.

लिहिणाऱ्याला आपला मेल इतका स्पष्ट का वाटतो, तेही यातून उलगडते. पॅकहाऊसवाल्याने ती ट्रॉली स्वतः पाहिली आहे. ‘त्रुटी’ लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे सालीवरचे काळे ओरखडे आहेत. संदर्भ त्याच्या डोक्यात आहे, मेलमध्ये उतरलेला नाही. म्हणून आपला मेल आपणच चार वेळा वाचून ही चूक सापडत नाही. ज्याने ट्रॉली पाहिली नाही त्याला वाचायला द्या आणि विचारा, “शुक्रवारी सकाळी तू काय करशील?” तो अडखळला, की मेल तिथेच अडला आहे.

आता तोच मेल पुन्हा लिहू. ‘मागील खेप’ म्हणजे मंगळवारची ट्रॉली. ‘माल’ म्हणजे घड, आणि ते मोजता येतात. ‘त्रुटी’ म्हणजे घासल्याचे डाग. हे डाग हिरव्या सालीवर लगेच ठळक दिसत नाहीत, नंतर काळे पडतात. बागेतून ट्रॉली निघताना कोणालाच काही वावगे वाटत नाही ते त्यामुळे. म्हणजे डाग दिसले एवढे लिहून भागणार नाही, ते कशामुळे पडले तेही लिहायला हवे. ‘हाताळणी प्रक्रिया’ म्हणजे ट्रॉलीत घड कसे रचले ते. सगळ्यात गोचीचे क्रियापद : ‘करण्यात यावी’. कोणी करावी? मराठीतली ही रचना कर्त्याला सफाईने गायब करते, आणि कर्ता गेला की काम कोणाचेच राहत नाही.

“विषय : मंगळवारच्या ट्रॉलीतल्या केळीवर घासल्याचे डाग

नमस्कार. मंगळवारी आलेल्या १२० घडांपैकी १८ घडांच्या फण्यांवर घासल्याचे डाग पडले. ही केळी निर्यातीच्या खोक्यांत भरता आली नाहीत. ट्रॉलीत खाली नुसता पाला होता आणि घड दोन थरांत रचले होते. शुक्रवारच्या कापणीला ट्रॉलीच्या तळाला आणि बाजूंना फोम लावा व घडांचा एकच थर ठेवा. फोम आमच्याकडे आहे, गुरुवारी दुपारपर्यंत माणूस पाठवून न्या.”

मेल लांबला. मूर्त लिहिले की मजकूर छोटा होतो असे अनेकजण सांगतात, ते इथे खरे नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ या तीन शब्दांच्या जागी दोन वाक्ये आली. पण आता “नोंद घेतली” एवढेच उत्तर देऊन सुटता येणार नाही. “एकच थर ठेवला तर दोन फेऱ्या होतील, दुसऱ्या फेरीचे भाडे कोण देणार?” असा प्रश्न येईल. तो आला की मेल पोहोचला असे समजावे. खरी अडचण भाड्याची होती, आणि ‘सक्षमीकरणा’खाली ती दिसलीच नसती.

या दुरुस्तीत एक घोटाळा हमखास होतो. मूर्त लिहा म्हटले की लोक इंग्रजी शब्द काढून मराठी घालतात. ‘फॉलोअप’चा ‘पाठपुरावा’ केल्याने भाषेचे भले होईल, पण चित्र काही उमटत नाही. ‘गुरुवारी अकराला फोन करतो’ म्हटल्यावर उमटते. उलट ‘फोम’, ‘ट्रॉली’, फळाची जाडी मोजायचा ‘कॅलिपर’ हे शब्द परके असले तरी पक्के मूर्त आहेत. ते बदलायची काही गरज नाही. तसेच ‘योग्य तापमान’ सोपे मराठी असूनही पोकळच आहे. कंटेनरवाल्याला १३ ते १४ अंश असे लिहावे लागते, कारण त्याखाली गेलेल्या हिरव्या केळीची साल आतून तपकिरी पडू लागते आणि मग ती नीट पिकत नाही.

मूर्तपणा बोचतोही, हेही खरे. ‘काही त्रुटी’ असे मोघम लिहिण्यामागे पुष्कळदा भिडस्तपणा असतो. खान्देशात घेणारा आणि देणारा उद्या एकाच लग्नाच्या पंगतीत बसणार असतात, तोंडावर बोलणे नको वाटते. त्यावर माझा उपाय असा की वस्तू आणि कृती मूर्त लिहावी, माणूस नाही. ‘घड दोन थरांत होते’ हे लिहावे. ‘तुमच्या मजुरांनी घड फेकले’ हे टाळावे. ते आपण पाहिलेलेही नसते.

खरेदीच्या करारात मात्र ‘गुणवत्ता’ राहू द्यावी. तिथे अजून न घडलेले दोषही एका शब्दात धरायचे असतात. नुसते ‘घासल्याचे डाग’ लिहिले, तर उद्या चिकाच्या डागांवरून वाद होईल. पण त्याच कराराच्या जोडपत्रात फळाची जाडी किती मिलिमीटर, डाग किती मोठा चालेल आणि तो कोणी, कुठे मोजायचा, हे लिहावेच लागते.