सोन्याच्या वायद्यातील भावमर्यादा

सोन्याच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, भाव एका दिवसात किती वर चढू शकतो आणि किती खाली उतरू शकतो, याची एक्स्चेंजने आखलेली हद्द म्हणजे दैनिक भावमर्यादा. व्यापारी तिला सरळ ‘सर्किट’ म्हणतात. भारतात सोन्याचे वायदे मुख्यतः मुंबईतील मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर (एमसीएक्स) होतात. तिथल्या मुख्य करारात एक लॉट एक किलोचा असतो आणि भाव मात्र दहा ग्रॅमचा सांगितला जातो. त्यामुळे भाव एक रुपयाने हलला की एका लॉटमागे शंभर रुपयांचा फरक पडतो.

शेअर बाजारातील सर्किटशी याची गल्लत होते आणि ती महागात पडते. निर्देशांक दहा टक्के कोसळला की शेअर बाजारातील सगळे व्यवहार ठरावीक काळ बंद होतात. सोन्याच्या वायद्यात तसे होत नाही. इथे भाव अडतो, बाजार उघडाच राहतो. मर्यादेच्या आतल्या भावाला समोरचा माणूस मिळाला, तर सौदा होतो.

मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढते. आदल्या दिवसाच्या बंद भावापासून पहिला टप्पा ३ टक्क्यांचा. तो ओलांडला जाऊ लागला की मधे न थांबता ६ टक्क्यांपर्यंत मोकळीक मिळते. ६ टक्केही गाठले गेले की १५ मिनिटांचा विराम लागतो आणि त्यानंतर हद्द ९ टक्क्यांवर जाते. त्या १५ मिनिटांतही ६ टक्क्यांच्या आत सौदे चालू असतात. त्यापुढे आणखी तीन-तीन टक्क्यांची वाढ देता येते, पण आंतरराष्ट्रीय बाजारातील हालचालच ९ टक्क्यांपलीकडे गेली असेल तर. म्हणजे कारण केवळ देशातले असेल, तर ही शेवटची वाट उघडेलच असे धरून चालता येत नाही.

देशांतर्गत कारणाचे ठळक उदाहरण २३ जुलै २०२४ चे. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. जगात सोने जागच्या जागी असताना इथले वायदे भाषण ऐकून घसरले. दिवसअखेर घट पाच टक्क्यांहून जास्त होती, म्हणजे पहिला टप्पा त्या दिवशी मागे पडला होता.

शुल्ककपातीचा निव्वळ हिशेब मात्र याहून मोठ्या घसरणीचा होता. आधी शंभराचा माल ११५ ला पडत होता, तो आता १०६ ला पडणार. फरक जवळजवळ पावणेआठ टक्क्यांचा. बाजाराने हा फरक एकाच झटक्यात घ्यायचे ठरवले असते तर काय झाले असते, ते सोपे आकडे घेऊन पाहू. आदला बंद भाव ७२,००० धरला, तर ३ टक्क्यांची रेघ ६९,८४० वर, ६ टक्क्यांची ६७,६८० वर आणि ९ टक्क्यांची ६५,५२० वर येते. शुल्काच्या हिशेबाने सोने ६६,३६५ च्या आसपास बसायला हवे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधोमध.

अशा वेळी भाव ६७,६८० वर येऊन चिकटतो. स्क्रीनवर खरेदीची बाजू रिकामी होते आणि विक्रीच्या बाजूला एकाच भावावर लॉटचा ढीग वाढत जातो. ६६,३६५ चा माल ६७,६८० ला कोण घेणार? सगळ्यांचा विक्रीभाव एकच असल्याने आधी कोणाची ऑर्डर आली, यावरच क्रम लागतो. भाव ठरावीक पातळीला उतरला की आपोआप विकणारा स्टॉप लॉस लावून निर्धास्त बसलेल्याची ऑर्डर जागी होते, पण रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहते. स्टॉप लॉस लागला म्हणजे आपण सुटलो, ही समजूत इथे फसते. सौदा झाला की नाही हे ऑर्डर बुकात नव्हे, ट्रेड बुकात पाहायचे असते.

एक लॉट खरेदी केलेल्याचा हिशेब असा: सौदा ७२ लाखांचा, त्यापोटी आधी भरलेली अनामत, म्हणजे मार्जिन, समजा ८ टक्के, म्हणजे ५ लाख ७६ हजार. भाव ६ टक्क्यांवर अडला तेव्हा तोटा ४ लाख ३२ हजार. पैसे कमी झाले तरी अजून शिल्लक आहेत. पण १५ मिनिटांनी हद्द वाढून भाव ९ टक्क्यांवर गेला तर तोटा ६ लाख ४८ हजारांचा होतो आणि ७२ हजार रुपये घरातून भरावे लागतात. ब्रोकरला पोझिशन जबरदस्तीने कापायची असली, तरी खरेदीदाराशिवाय तोही कापू शकत नाही. म्हणून मार्जिनचा फोन याच पंधरा मिनिटांत येतो, आणि जाणता ब्रोकर तो सहा टक्के गाठायच्या आधीच करतो.

अडकलेल्यांपैकी अनुभवी व्यापारी ऑप्शनकडे वळतात. ऑप्शनच्या किमतीची हद्द वेगळ्या सूत्राने ठरते, त्यामुळे वायदा अडला तरी तिथे सौदे चालू राहू शकतात. समजा ६८,००० ला वायदा घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल, २०० ला आणि त्याच भावाला तो विकण्याचा हक्क, म्हणजे पुट, १,९०० ला आहे. ६८,००० मध्ये २०० मिळवून १,९०० वजा केले की ६६,३०० येतात. बाजाराच्या मते वायद्याचा खरा भाव तो, स्क्रीनवरचा ६७,६८० नव्हे. पुट घेऊन तोच कॉल विकला की वायदा विकल्यासारखेच होते आणि पुढचा तोटा तिथेच गोठतो. मात्र कॉल विकायला आणखी मार्जिन लागते आणि घाबरलेल्या बाजारात खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर फार रुंदावते. दुसरी वाट पुढच्या महिन्याच्या वायद्याची. प्रत्येक कराराची मर्यादा त्याच्या स्वतःच्या बंद भावावरून निघते, त्यामुळे जवळचा अडला तरी दूरचा काही क्षण मोकळा असू शकतो. ही फट लवकर बुजते, कारण ती सगळ्यांनाच माहीत असते.

झवेरी बाजारातील घाऊक व्यापाऱ्याची अडचण बहुधा उलट्या दिशेने येते. तिजोरीतल्या सोन्यापोटी त्याने वायदा विकून ठेवलेला असतो. भाव उसळला की सोन्याची किंमत वाढते, पण ती कागदावर. वायद्यातला तोटा मात्र रोज रोख भरावा लागतो. तेजीचे सर्किट लागले की त्याला खरेदी करून बाहेर पडता येत नाही आणि बँकेची मर्यादा संपत येते. एकूण हिशेबात त्याचे काहीच गेलेले नसते, तरी रोकड आटल्यामुळे तो मोडू शकतो. म्हणून शहाणा माणूस सगळी रोकड मालात घालत नाही. वायद्याचा भाव अडलेला असेतो अनेक घाऊक व्यापारी पक्का भाव देणे थांबवतात. मोड घेऊन आलेल्याला किंवा सांगली जिल्ह्यातून आलेल्या, सोने गाळणाऱ्या गलाईवाल्याला ‘थोडं थांबा’ असे उत्तर मिळते, कारण घेतलेला माल त्या क्षणी वायद्यात विकून जोखीम उतरवता येत नाही.

रात्रीच्या सत्रात न्यूयॉर्कचे कोमेक्स हे वायदे एक्स्चेंज समोर असते. तिथले थांबे बरेच छोटे, काही सेकंदांचे ते मोजक्या मिनिटांचे असतात. तिथला भाव पुढे निघून गेलेला असताना इथला वायदा रेघेवर अडलेला असेल, तर कोमेक्सचा डॉलरमधला भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क यांवरून खरा भाव काढता येतो. दोन्हींतला फरक म्हणजे रेघ हलली की भाव कुठवर धावेल, याचा अंदाज.

सत्र संपेपर्यंत भाव मर्यादेवरच राहिला, तर त्या दिवसाचा हिशेब त्या अडलेल्या भावाने होतो आणि उरलेली घसरण दुसऱ्या दिवसावर जाते. सकाळी ९ वाजता नवी मर्यादा त्याच भावापासून मोजली जाते आणि पहिला टप्पा पुन्हा ३ टक्क्यांचाच असतो. आदल्या दिवशी रांगेत राहिलेल्या दिवसभराच्या ऑर्डरी तोवर रद्द झालेल्या असतात. विक्री करायचीच असेल तर ती नव्याने, नऊच्या ठोक्याला टाकावी लागते.