काम थांबलं तर किती पैसे हाताशी हवेत?
फ्रीलान्स काम करणाऱ्या ग्राहकांसाठी

आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भागवतो, बुडालेली कमाई नाही. ती काही प्रमाणात भरून देतो तो उत्पन्न संरक्षण विमा. पण त्याचे पैसे लगेच सुरू होत नाहीत, आणि आमचे बरेच ग्राहक नेमके तिथेच अडकतात.

समजा, एका फोटोग्राफरचा पाय मोडला. घरखर्च महिन्याला 40,000. आरोग्य विम्यात डिडक्टिबल 50,000, म्हणजे बिलातले पहिले 50,000 त्याचे त्यानेच भरायचे. उत्पन्न विम्याचा प्रतीक्षा काळ 90 दिवसांचा. 91व्या दिवसापासून तो भरपाईला पात्र होतो, पण ही रक्कम बहुधा महिना संपल्यावर मिळते. म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत साधारण 120 दिवस जातात. चार महिन्यांचे 1,60,000 आणि वर 50,000, असे 2,10,000 त्याच्याकडे लगेच काढता येतील अशा खात्यात हवेत. येणी बाकी असली तरी ती यात धरू नका. आजारपणात पैशांचा तगादा लावायला कोण जाणार?

प्रतीक्षा काळ 30 दिवसांचा घेतला तर हीच गरज 1,30,000 वर येते, पण हप्ता वाढतो. शिल्लक नसेल तर आमच्या मते आधी छोटा काळ घ्यावा. रक्कम साठली की नूतनीकरणाच्या वेळी तो वाढवता येतो का, हे पॉलिसी घेण्याआधीच विचारून ठेवा.

भरपाई ठरते ती कागदावर दाखवलेल्या निव्वळ उत्पन्नावरून, तीही पूर्ण नाही, त्याच्या काही टक्केच. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं असेल, तर दाव्याच्या वेळी तेवढंच धरलं जातं. पॉलिसीतली अपंगत्वाची व्याख्याही नीट वाचा. ‘स्वतःचा व्यवसाय करता न येणे’ असं लिहिलेलं असावं. ‘कोणतंही काम करता न येणे’ असं असेल, तर पाय मोडलेल्या फोटोग्राफरला बसून करायचं काम जमेल असं सांगून दावा नाकारला जाऊ शकतो.

निवृत्तीची बचत यात मिसळू नका. तो पैसा बहुधा मुदतीआधी पूर्ण काढता येत नाही, किंवा काढताना कर किंवा दंड लागू शकतो. निवृत्तीसाठी दरमहा ठरावीक रक्कम भरायचं ठरवलं की मंदीच्या महिन्यात ते हमखास चुकतं. त्यापेक्षा पैसे जमा होतील त्याच दिवशी त्यातले 10 टक्के बाजूला काढा: 1,20,000 आले तर 12,000, 15,000 आले तर 1,500. राखीव रकमेला हात लावावा लागला, तर ती पुन्हा 2,10,000 होईपर्यंत हेच 10 टक्के तिकडे वळवा.

भेटीला येताना दोन्ही पॉलिसींच्या पूर्ण प्रती आणि मागच्या तीन वर्षांची करविवरणपत्रं आणा. नुसत्या जाहिरातीच्या पत्रकावरून डिडक्टिबल आणि प्रतीक्षा काळ कळत नाही.